हळकुंडातल्या पाण्याचे पैसे

«नमस्कार सर,
सातारा जिल्ह्यात माझा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. जुलैत मराठवाड्यातल्या एका व्यापाऱ्याकडून दलालामार्फत १० टन हळकुंड घेतलं. ५० किलोचे २०० कट्टे, १४० रुपये किलो, कारखाना पोच. व्हॉट्सॲपवर ठरलं होतं: मॉइश्चर १० च्या आत, कुरकुमिन ३ च्या वर. माल येऊन आठ दिवस झाले. ३० कट्टे दळले तर पावडर गोळे धरायला लागली, म्हणून आमच्याच ओव्हनमध्ये तपासलं, १४.२ आलं. ओळखीच्या लॅबमध्ये कुरकुमिन २.९ निघालं. व्यापारी म्हणतो, माझ्या मीटरवर साडेदहा होतं, वाटेत पावसाची हवा लागली असेल, किलोमागे रुपया सोडतो, विषय संपवा. चार लाख द्यायचे बाकी आहेत. ते अडवून ठेवू का? भाव किती कमी मागू? दलाल जुने आहेत, त्यांच्याशी बिघडवायचं नाही.
— एक वाचक भगिनी»

ताई, आधी चक्की बंद करा. उरलेले १७० कट्टे वेगळे लावा, त्यावर ‘वादातला माल’ अशी पाटी लावा आणि आजच्या आज व्यापाऱ्याला लेखी कळवा. आठ दिवसांत तुम्ही फोनवर खूप बोलला असाल, पण उद्या गरज पडली तर फोनवरचं बोलणं कुणीच कबूल करत नाही.

चक्की बंद करा म्हणण्यामागे कायदा आहे. मालविक्री कायदा १९३० सालचा. त्यातल्या कलम ४२ प्रमाणे घेणाऱ्याने मालाशी मालकासारखं वागायला सुरुवात केली, म्हणजे दळला, विकला, मिसळला, की त्याने माल स्वीकारला असं धरतात. एका सौद्यातल्या मालाचा काही भाग स्वीकारला की ‘अख्खा ट्रक परत घेऊन जा’ म्हणायचा हक्क साधारणपणे जातो. तुमचे ३० कट्टे दळून झालेत, तेव्हा परत पाठवण्याची भाषा आता बोलू नका, ती टिकणार नाही. पण भाव कमी मागायचा हक्क जात नाही. कलम ५९ म्हणतं की कबूल केलेला दर्जा मिळाला नाही तर घेणारा तेवढी रक्कम किमतीतून कमी मागू शकतो. तुमची सगळी मागणी या एका कलमावर उभी राहते.

आता तुमच्या १४.२ बद्दल. हा आकडा घेऊन भांडायला गेलात तर पहिल्याच फेरीत हराल.

ओव्हन काय करतो? नमुना १०५ अंशांना तापवतो आणि वजन किती घटलं ते सांगतो. गहू, ज्वारी, सोयाबीन असेल तर घटलेलं वजन म्हणजे जवळपास सगळं पाणीच. हळदीत मात्र उडून जाणारं तेल असतं, साधारण तीन ते पाच टक्के. ओव्हन उघडल्यावर जो वास येतो तो त्याच तेलाचा. ते तेलही काही प्रमाणात उडतं आणि तुमच्या हिशेबात पाणी म्हणून जमा होतं. म्हणून मसाल्यांचं मॉइश्चर टोल्यूइन पद्धतीने काढतात. भरडलेला नमुना टोल्यूइनमध्ये उकळतात, वाफ थंड होऊन काचेच्या मापाच्या नळीत उतरते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, तेल वरच्या टोल्यूइनमध्ये विरघळून राहतं. नळीवरच्या रेघांवर पाणी किती मिली ते सरळ वाचता येतं. माझा अंदाज, तुमचा १४.२ या पद्धतीने १३ च्या आसपास येईल. थोडं कमी दिसेल, पण तो आकडा कुणाला खोडता येणार नाही.

व्यापाऱ्याच्या साडेदहाचीही तीच गत. बाजारात फिरणारी हातातली मीटरं बहुतेक धान्यासाठी बेतलेली असतात. त्यात हळकुंड घातलं तर आकडा येतो, पण तो हळदीचा असेलच असं नाही. त्यातून हळकुंडाचा स्वभाव असा की बाहेरून पॉलिश होऊन खणखणीत दिसतं आणि आत गाभ्यात ओल राहिलेली असते. मीटर वरच्यावर जे दिसतं ते सांगतं. त्याला खोटारडा म्हणू नका. ‘तुमचं मीटर आणि माझा ओव्हन, दोन्ही बाजूला ठेवू, तिसऱ्याकडून काढू’ एवढंच म्हणा. दलालालाही हे पटतं, कारण यात कुणाचाच पाणउतारा होत नाही.

तिसरा म्हणजे एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा. नवी मुंबईत स्पायसेस बोर्डाची आहे, पुण्यात खासगी आहेत. नमुना देताना पद्धत लेखी मागा: ‘मॉइश्चर टोल्यूइन ऊर्ध्वपातनाने’. नाही तर तिथलाही माणूस घाईत ओव्हनला लावून मोकळा होईल आणि तुमची फी जाईल.

अहवालाइतकंच महत्त्व नमुना कसा काढला याला आहे. तुम्ही ओळखीच्या लॅबला नेलेली मूठभर हळद कुठल्या कट्ट्यातली, कुणी काढली, याला साक्षीदार नाही. व्यापाऱ्याला किंवा त्याच्या माणसाला तीन दिवसांत येण्याचं लेखी निमंत्रण द्या. नाही आला तर दलालासमोर काढा. तेही नाही आले तर शेजारच्या कारखान्यातली दोन माणसं उभी करा आणि मोबाइलवर चित्रण ठेवा.

किती कट्टे उघडायचे? मसाल्याच्या धंद्यातला रिवाज आहे की शंभराच्या वर पोती असतील तर संख्येचं वर्गमूळ. १७० चं वर्गमूळ तेराच्या जरा वर, म्हणून चौदा उघडा. थप्पीच्या वरचे, मधले, तळाचे आणि भिंतीकडचे, असे मिसळून घ्या. प्रत्येक कट्ट्यात हात कोपरापर्यंत घालून आतली हळकुंडं काढा, तोंडावरची नकोत. सगळी एका स्वच्छ ताडपत्रीवर ओता, हलवा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. शेवटी दीडेक किलो उरलं की त्याचे तीन भाग. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरा, कापडी पिशवीत अजिबात नको. झाकणावरून चिकटपट्टी ओढून तिच्यावर दोघांच्या सह्या, तारीख, ट्रकचा नंबर. एक बरणी प्रयोगशाळेला, एक व्यापाऱ्याला, एक सीलबंद तुमच्या कपाटात. पुढे त्याने अहवाल नाकारला तर ही तिसरी बरणी बोलेल.

नमुना काढतानाच एक गोष्ट तपासून घ्या, कारण ‘वाटेत हवा लागली’ या त्याच्या म्हणण्याचं उत्तर तिथेच मिळतं. प्रत्येक कट्ट्यातली पाचसहा हळकुंडं हाताने मोडा. नीट वाळलेलं हळकुंड ‘टण्’ असा धातूसारखा आवाज करून तुटतं आणि तुटलेली बाजू कोरडी, एकसारखी दिसते. ओल राहिलेलं आवाज न करता वाकून तुटतं, मधला गाभा मेणासारखा, गडद, नखाने दाबला तर दबतो. हे लक्षण वरच्या, खालच्या, मधल्या सगळ्या कट्ट्यांत सारखंच दिसलं तर माल मुळातच कमी वाळवून आला आहे. हळद शिजवल्यावर उन्हात दहा-पंधरा दिवस पसरावी लागते. भाव चढा असला की हा काळ कापतात आणि वर पॉलिश मारून देतात.

पावसाची ओल वेगळी दिसते. ट्रकच्या कडेचे, वरचे काही कट्टे ओले, पोत्यावर पाण्याचे डाग, हळकुंडाची साल मऊ आणि आतला गाभा मात्र कोरडा. अख्खं हळकुंड हवेतली ओल हळू घेतं. ताडपत्रीखाली दीड-दोन दिवसांच्या प्रवासात दोनशेच्या दोनशे कट्ट्यांना सारखीच तीन टक्के हवा लागत नाही. हे वाक्य दलालासमोर शांतपणे म्हणा, पुढचं तो स्वतःच म्हणेल.

आणि समजा पावसाचीच ओल निघाली, तरी तुमचा भाव ‘कारखाना पोच’ आहे. पोच भावात माल तुमच्या दारात उतरेपर्यंतची जोखीम त्याची. ‘जागेवरचा’ भाव असता, म्हणजे ट्रक भरून दिला की त्याचं काम संपलं, तर भांडण ट्रकवाल्याशी किंवा विम्याशी झालं असतं. तेव्हा पोच हा शब्द ज्या मेसेजमध्ये किंवा सौदा चिठ्ठीत आहे तो आधी शोधा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आता पैसे. अहवालात १३ टक्के आले असं धरून हिशेब करू, खरा आकडा येईल तेव्हा तो बसवा.

१०,००० किलो मालात १३ टक्के पाणी, म्हणजे कोरडी हळद ८,७०० किलो. ठरलेल्या मालात १० टक्के पाणी चालणार होतं, म्हणजे कोरडी हळद ९० टक्के. ८,७०० ला ०.९० ने भागलं की ९,६६७ येतात. थोडक्यात तुम्हाला ठरलेल्या प्रतीची ९,६६७ किलो हळद मिळाली आणि ३३३ किलो जादा पाणी १४० रुपये भावाने तुमच्या गळ्यात पडलं. त्याचे झाले ४६,६२० रुपये. व्यापारी जो किलोमागे रुपया सोडतोय, ते दहा हजार म्हणजे जेमतेम ७१ किलो पाण्याचे पैसे.

बाजारात कटती टक्क्याला टक्का धरायची सवय आहे. तीन टक्के जादा, तर ३०० किलो वजा, ४२,००० रुपये. तो हाच हिशेब मांडेल आणि तो चूक आहे, पण अगदीच अन्याय्य नाही. टक्का नेहमी ओल्या वजनाचा असतो, म्हणून पाणी काढल्यावर घट टक्क्यांच्या फरकापेक्षा थोडी जास्त पडते. तीन टक्क्यांना हा फरक ३३ किलोचा आहे. सोयाबीनसारख्या मालात फरक सात-आठ टक्क्यांवर गेला की हाच मुद्दा पोत्यांमध्ये मोजावा लागतो.

पाण्याच्या पैशांवर वाळवणीचा खर्च येतो. जुलैत ऊन नाही, म्हणजे उरलेले ८,५०० किलो ड्रायरमधून काढावे लागतील. आसपासच्या ड्रायरवाल्याकडून लेखी दर घ्या. किलोला दोन रुपये पडले असं धरलं तर १७,०००. दोन्ही मिळून मागणी ६३,६२० रुपये. दळलेल्या ३० कट्ट्यांचा वाळवणीचा खर्च यात धरलेला नाही, ते वाळवता येणार नाहीत. त्यांच्यातल्या पाण्याचे पैसे मात्र धरले आहेत.

वाळवणी उशिरा करू नका. तिन्ही बरण्या सीलबंद झाल्या की लगेच कट्टे ड्रायरला पाठवा. ‘पुरावा म्हणून तसाच ठेवते’ असं म्हणून महिनाभर ओली हळद थप्पीत राहिली, तिला बुरशी लागली, तर ते नुकसान तुमच्या माथी बसतं. नुकसानीचा दावा करणाऱ्याने ते आटोक्यात ठेवायला हवं होतं का, हे कायदा पाहतो. ड्रायरवाल्याचं बिल आणि वाळवण्याआधी-नंतरच्या वजनाच्या पावत्या सांभाळा. वाळून निघालेलं वजन तुमच्या हिशेबाशी जुळलं तर तो आणखी एक साक्षीदार. ओव्हनचा आकडा कुठे चुकला तेही त्यात कळेल.

कुरकुमिनच्या २.९ वर मात्र वेगळे पैसे मागू नका. तुम्हाला हे आवडणार नाही, पण बघा. १३ टक्के पाणी असलेल्या नमुन्यात २.९ आलं. पाणी वजा करून कोरड्या हळदीवर काढलं तर २.९ भागिले ०.८७, म्हणजे ३.३३. तीच हळद १० टक्क्यांपर्यंत वाळली असती तर ३.३३ गुणिले ०.९०, बरोबर ३.००. म्हणजे कुरकुमिन कमी नाही, त्यात पाणी मिसळून ते पातळ दिसतंय, आणि त्या पाण्याचे पैसे तुम्ही वर मागितलेच आहेत. दोन्हीकडून मागितलंत आणि समोर कुणी जाणकार बसला, तर तुमची खरी मागणीही संशयात जाईल. ‘तीनच्या वर’ ठरलं होतं आणि अगदी तीन आलं, यावर भांडण्याइतकी कुठलीही चाचणी अचूक नसते. प्रयोगशाळेच्या अहवालात कुरकुमिन कोरड्या वजनावर मागा आणि ३.३३ च्या बरंच खाली आलं तरच तो मुद्दा उघडा.

आता चार लाखांचं. सगळे अडवू नका. चार लाख अडवलेत की उद्यापासून बाजारात चर्चा तुमच्या उधारीची होईल, त्याच्या ओल्या हळदीची नाही. वादातली रक्कम, म्हणजे पासष्ट हजार, बाजूला ठेवा आणि उरलेले ३,३५,००० सौद्याच्या तारखेला पाठवा, सोबत ‘वाद नसलेली रक्कम’ अशी ओळ लिहा. दलालाचं तोंड यानेच बंद होतं, आणि संबंधही राहतात.

इथे एक मुदत लक्षात ठेवा. समोरचा उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, म्हणजे स्वतः हळद शिजवून-पॉलिश करून विकणारा, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुम्ही माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात आणि पैसे द्यायची मुदत तिथून मोजतात. ती मुदत ठरावानेही ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, उशीर झाला तर व्याज जबर आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा आधार सहसा मिळत नाही. पण तो नेमका कोण आहे हे शोधत बसण्यापेक्षा आठव्या दिवशीच पत्र गेलेलं बरं. तुमचा आज आठवा आहे.

पत्र लांबवू नका, रागावू नका. असं लिहा:

‘आपल्याकडून अमुक तारखेला, अमुक बिलाने व अमुक ट्रकने आलेल्या हळकुंडाच्या २०० कट्ट्यांबाबत. सौदा अमुक तारखेच्या मेसेजप्रमाणे मॉइश्चर कमाल १० टक्के, कुरकुमिन किमान ३ टक्के, कारखाना पोच, असा होता. माल दळताना ओलावा जास्त असल्याचं आढळलं. ३० कट्टे वापरले गेले, १७० कट्टे जसेच्या तसे वेगळे ठेवले आहेत. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या प्रतिनिधीसमोर नमुना काढून तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत टोल्यूइन पद्धतीने तपासून घेऊ. आपण न आल्यास साक्षीदारांसमोर नमुना काढला जाईल. अहवालानुसार जादा पाण्याची किंमत व वाळवणीचा खर्च बिलातून कमी करून क्रेडिट नोट द्यावी. तोपर्यंत माल वापरणं किंवा वाळवणं म्हणजे दर्जा मान्य केला असं समजू नये. प्रत: दलाल.’

व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टानेही. ‘माल फसवणुकीचा’, ‘पोलिसात जाईन’, असलं काही त्यात नको. अन्नसुरक्षा खात्याची भीतीही घालू नका. अख्ख्या हळदीला एफएसएसएआयची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे, तेव्हा १३ चा माल त्यातही बसत नाही हे खरं. पण पावडरीला १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि पावडर विकणाऱ्या तुम्ही आहात. ते शस्त्र दोन्हीकडून कापतं. म्हणून दळलेल्या ३० कट्ट्यांची पावडर पाकिटात भरण्याआधी तिचीही ओल तपासा. दहाच्या वर असेल तर ती न विकता बाजूला ठेवा आणि त्याबद्दल दलालाशी वेगळं बोला. गोळे धरलेली पावडर कोरड्या पावडरीत मिसळून खपवायचा मोह होईल, तो टाळा.

बोलणी कुठे मिटतील? माझा अंदाज पन्नास हजारांच्या आसपास. तो पंधरा-वीस हजारांपासून वर चढेल, दलाल मध्ये ‘अर्ध्यावर या’ म्हणेल. अर्ध्यावर येऊ नका. ४२,००० हा खुद्द बाजाराच्या रिवाजाचा हिशेब आहे, त्याच्या खाली उतरायचं कारण नाही. वाळवणीच्या १७,००० मध्ये हवं तर सोडा. दलाली अर्धी सोडायला दलाल स्वतः तयार होतात असाही अनुभव आहे, विचारून बघा. अगदीच मिटलं नाही तर व्यापारी संघटनेचे पंच बसवा. त्यांच्यासमोर सीलबंद बरणी आणि अहवाल ठेवला की बहुतेक प्रकरणं एका बैठकीत मिटतात.

ठरलेली रक्कम रोखीत किंवा ‘पुढच्या ट्रकमध्ये बघू’ अशी घेऊ नका. पुढच्या ट्रकला भाव किलोमागे रुपयाने वाढलेला असतो, आणि मग तुम्हाला काय सोडलं हे कुणालाच सांगता येत नाही. क्रेडिट नोट जीएसटीसकट मागा. ५०,००० वर ५ टक्क्यांनी २,५०० होतात. तेवढा इनपुट टॅक्स तुम्हाला परत करावा लागेल, त्याला तेवढा कर कमी भरावा लागेल. हे तुमच्या सीएला कळवून ठेवा, नाही तर आकडे जुळत नाहीत म्हणून मार्चमध्ये पुन्हा हाच विषय निघेल.

पुढच्या सौद्याच्या मेसेजमध्ये तीन ओळी वाढवा. मॉइश्चर टोल्यूइन पद्धतीने, नमुना पोच झाल्यावर दोघांसमोर. १० च्या वर प्रत्येक टक्क्याला १.१ टक्के वजन कटती. १२ च्या वर गेल्यास माल परत, भाडं विकणाऱ्याचं. १.१ मुद्दाम लिहिलाय, १० टक्क्यांच्या सौद्यात जादा पाण्याचा खरा हिशेब जवळपास तेवढाच पडतो आणि पुढच्या वेळी कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागत नाही. व्यापारी या ओळींवर ‘ठीक’ एवढं लिहून पाठवेपर्यंत ॲडव्हान्स सोडू नका.